खोटं बोललेल्या मुलाला कोणती गोष्ट सांगावी?

वर्गात एखादं मूल खोटं बोललं की बाईंच्या तोंडी पहिली येते ती ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट. ती सगळ्यांना पाठ असते, पाच मिनिटांत सांगून होते आणि तिचा शेवट इतका ठसठशीत आहे की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. खोटं बोललास तर उद्या तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे मुलांना लगेच कळतं. पण ती ऐकून, नुकतंच खोटं बोललेलं मूल आपलं खोटं कबूल करतं का? हा प्रश्न काही अभ्यासकांनी मुलांसमोर बसून तपासला आहे, आणि त्यांना जे दिसलं ते प्रत्येक बालवाडीताईला आणि पहिली-दुसरीच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यात ३ ते ७ वर्षांची २६८ मुलं होती. एकेका मुलाला खोलीत बसवून एक खेळ खेळायचा. मुलाने पाठ फिरवून बसायचं, मागे टेबलावर खेळणं ठेवलं जाणार, त्याचा आवाज ऐकायचा आणि खेळणं कोणतं ते ओळखायचं. पहिली खेळणी सोपी. मग शेवटचं खेळणं ठेवून ताई म्हणते, ‘मी पुस्तक घेऊन येते, तोवर वळून बघू नकोस हं.’ आणि ती बाहेर जाते. अशा वेळी बहुतेक लहान मुलं वळून बघतातच. ताई परत येते, खेळणं झाकते, आणलेल्या पुस्तकातून एक गोष्ट वाचून दाखवते आणि मग विचारते, ‘मी नसताना तू बघितलंस का?’

गोष्टी चार होत्या. काही मुलांना ‘लांडगा आला रे आला’, काहींना खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची, काहींना लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची. चौथ्या गटाला ससा-कासवाची, कारण तिचा खरंखोटं याच्याशी काही संबंध नाही आणि तुलनेसाठी तशीच गोष्ट हवी होती. लांडगा आणि पिनोकिओ ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्या मुलांइतकीच खोटं बोलली. म्हणजे त्या दोन्ही गोष्टी सांगून न सांगितल्यासारख्याच झाल्या. फरक पडला तो फक्त वॉशिंग्टनच्या गोष्टीने. त्या गोष्टीत छोटा जॉर्ज नव्या कुऱ्हाडीने वडिलांचं चेरीचं झाड तोडतो, वडील विचारतात तेव्हा खरं सांगतो, आणि वडील त्याला म्हणतात की तुझं खरं बोलणं मला झाडापेक्षा मोलाचं आहे.

संशोधक इथे थांबले नाहीत. मुलांना जॉर्जचं नाव माहीत असल्यामुळे तर हे घडलं नसेल? म्हणून त्यांनी तीच गोष्ट बदलून, खोटं बोलल्याचे वाईट परिणाम दाखवणारी करून सांगितली. जॉर्ज तोच, झाड तेच. परिणाम नाहीसा झाला. कामाला येत होता तो शेवट, ज्यात खरं बोलणाऱ्याला जवळ केलं जातं.

मला हा निकाल पटतो, आणि त्याचं कारण मुलाच्या जागी बसून पाहिलं की कळतं. खोटं बोललेलं सहा वर्षांचं मूल आधीच घाबरलेलं असतं. लांडग्याच्या गोष्टीत त्याला आणखी एक भीती मिळते, पण त्या अडचणीतून बाहेर कसं पडायचं ते मिळत नाही. त्या गोष्टीत मेंढपाळाचा मुलगा एकदाही ‘चुकलं माझं’ असं म्हणत नाही आणि गावकरीही त्याला तशी संधी देत नाहीत. मुलाच्या हाती उरतं ते इतकंच, की पकडलं जाऊ नये.

भीतीने काय होतं, याचा आणखी थेट पुरावा तलवार आणि ली यांच्याच २०११ सालच्या अभ्यासात आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन खासगी शाळा त्यांनी निवडल्या. एका शाळेत पेन्सिल विसरली तरी छडी, चापट किंवा चिमटा ठरलेला. दुसरीत रागावणं, बाजूला बसवणं, फार तर मुख्याध्यापकांकडे नेणं. खेळ तोच, मुलं ३-४ वर्षांची. वळून बघणारी मुलं दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. पण ‘बघितलंस का’ असं विचारल्यावर छडीच्या शाळेतली बघितलेली बहुतेक सगळी मुलं नाही म्हणाली, तर दुसऱ्या शाळेत नाही म्हणणारी निम्म्याच्या आसपास होती. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढची आहे. ‘मग खेळणं कोणतं असेल असं तुला वाटतं?’ असं विचारलं की साधारणपणे एवढी लहान मुलं भाबडेपणाने त्या खेळण्याचं नावच सांगून टाकतात आणि सापडतात. छडीच्या शाळेतली मुलं मात्र मुद्दाम दुसरंच काहीतरी सांगून आपलं खोटं सांभाळत होती. मार खाऊन ती खरं बोलायला नव्हे, खोटं नीट बोलायला शिकली होती.

पहिलीतलं मूल खोटं बोललं म्हणून त्याच्या चारित्र्याची काळजी करायचं कारण नसतं, हेही पालकांना सांगायला हवं. साधारण तीन-चार वर्षांच्या सुमारास मुलाला उमगतं की माझ्या मनात आहे ते आईला आपोआप दिसत नाही. हे उमगलं की खोटं बोलणं शक्य होतं, आणि बहुतेक मुलं ते करून बघतात. खोटं म्हणजे नेमकं काय, हे मात्र कळायला आणखी वेळ लागतो. जाँ पियाजे यांनी १९३२च्या आपल्या ग्रंथात लहान मुलांना दोन प्रसंग सांगितल्याची नोंद आहे. एक मुलगा घरी येऊन सांगतो की मी गायीएवढा कुत्रा पाहिला. दुसरा घरी सांगतो की बाईंनी मला चांगले गुण दिले, आणि बाईंनी तर काहीच दिलेलं नसतं. जास्त वाईट कोण, असं विचारलं तर लहान मुलं म्हणत, कुत्रावाला, कारण एवढा मोठा कुत्रा नसतोच. फसवण्याचा हेतू त्यांना दिसत नव्हता, दिसत होतं ते फक्त खऱ्यापासून किती लांब गेलं ते. म्हणून या वयाच्या मुलाला ‘तू विश्वासघात केलास’ असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याला हेतूची भाषा अजून यायची आहे.

मग आपल्याकडच्या कोणत्या गोष्टी कामाच्या? लाकूडतोड्या आणि जलदेवतेची गोष्ट गोड आहे, पण तिच्यातला लाकूडतोड्या काही चुकलेला नाही. त्याची फक्त कुऱ्हाड पाण्यात पडली आहे. शाई सांडून बसलेल्या मुलाला त्याच्यात स्वतःला शोधता येत नाही, शिवाय खरं बोललं की सोन्याची कुऱ्हाड मिळते ही अपेक्षा बाईंना रोज पुरी करता येणार नाही. हरिश्चंद्र मोठा आहे, पण त्याला सत्यापायी स्मशानात राबावं लागतं, आणि ते ऐकून लहान मूल खरं बोलायला धजावेल असं मला वाटत नाही. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा नाकारण्याची आहे. ती ताठ मानेची गोष्ट आहे, कबुलीची नव्हे.

कबुलीची गोष्ट आहे ती गांधीजींची. आत्मकथेत त्यांनी लिहिलं आहे की पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. मन खाऊ लागलं तेव्हा चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातात दिली, शिक्षाही मागितली. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. चुकलेला मुलगा, कबूल करण्याचं धैर्य आणि समोरून मिळालेली क्षमा, हे सगळं तिच्यात आहे. पाचवी-सहावीच्या वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी. पहिलीतल्या मुलाला मात्र कर्ज, सोनं आणि वडिलांचं मूक रडणं हे सगळं झेपणार नाही. त्याला त्याच्याच घरातली, त्याच्याच उंचीची गोष्ट हवी.

आता एक प्रसंग धरून चालू. चित्रकलेचा तास. मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली आहेत, दोघा-दोघांत एक पाण्याची वाटी. एका मुलाचा कोपर लागून वाटी कलंडते आणि निळं पाणी शेजारच्या मुलीच्या वहीवर पसरतं. तिचं पूर्ण होत आलेलं घर वाहून जातं. ती रडायला लागते. बाई वळतात तर मुलगा म्हणतो, ‘मी नाही, वाऱ्याने पडली.’ त्याची बाही कोपरापर्यंत निळी आहे.

इथे बहुतेक जण एक प्रश्न विचारतात, ‘खरं सांग, कुणी पाडलं?’ उत्तर आपल्याला माहीत असताना विचारलेला हा प्रश्न मुलाला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावतो. दोनदा बोललेलं खोटं मागे घेणं त्याला दुप्पट अवघड जातं. त्यापेक्षा बाईंनी वही उचलावी, पानांत टीपकागद किंवा जुनं वर्तमानपत्र घालावं, मुलीला जवळ घ्यावं आणि एवढंच म्हणावं, ‘वाटी पडली. आपण नंतर बघू.’ मधल्या सुट्टीत किंवा शेवटच्या तासाला, राग निवल्यावर, गोष्ट सांगावी. फार उशीर करू नये. दुसऱ्या दिवशी त्या वयाच्या मुलाला पाण्याची वाटी आठवेल, पण पोटात उठलेली कालवाकालव आठवणार नाही.

गोष्ट अशी सांगता येईल. सुमी नावाची एक मुलगी होती. एका दुपारी आजी झोपली होती आणि फळीवर लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. आजीने बजावलं होतं, अजून मुरायचंय, हात लावायचा नाही. सुमी स्टुलावर चढली, बरणी पुढे ओढली आणि खळ्ळकन बरणी खाली! आजी धावत आली. ‘अगं बाई, हे कसं झालं?’ सुमीच्या पोटात गोळा आला. खिडकीत मांजर बसलं होतं. सुमी म्हणाली, ‘आजी, मांजराने पाडली.’ आजी काही न बोलता केरसुणी आणायला गेली. सुमी दाराशी उभी. पोटातला गोळा काही जाईना. शेवटी तिने आजीचा पदर धरला. ‘आजी, मांजराने नाही. मी पाडली.’ आजीने केरसुणी खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं. म्हणाली, ‘बरणी फुटली त्याचं मला वाईट वाटलं. पण तू आपणहून खरं सांगितलंस, ते मला फार आवडलं. आता तुकडे मी उचलते, तुला लागतील. तू फडकं आण आणि सांडलेला रस पूस.’ दोघींनी मिळून फरशी पुसली. रात्री बाबांनी लोणचं मागितलं. आजी म्हणाली, ‘बरणी फुटली. रविवारी सुमी आणि मी नवीन घालणार आहोत.’

या गोष्टीतली प्रत्येक गोष्ट मुद्दाम घेतलेली आहे. सुमी माणसाची मुलगी आहे, ससुली किंवा खारुताई नाही. टोरांटोमधल्या एका अभ्यासात वाटून घेण्याबद्दलची गोष्ट माणसांच्या पात्रांनी सांगितली तेव्हा मुलांचं वाटून घेणं वाढलं आणि माणसांसारखे वागणाऱ्या प्राण्यांनी सांगितली तेव्हा वाढलं नाही. तो अभ्यास खरेपणाचा नव्हता, तरी मी तेवढा संकेत घेते. वॉशिंग्टन आधी खोटं बोलत नाही, सुमी बोलते, कारण आपल्या वर्गातला मुलगाही बोलून बसला आहे आणि त्याला परतीची वाट दिसायला हवी. हा बदल प्रयोगातला नाही, शिक्षिकेच्या समजुतीतला आहे. आजी वाईट वाटल्याचं लपवत नाही. काम ती देते, पण ते रस पुसण्याचं आहे, कबुलीची किंमत म्हणून दिलेलं नाही. आणि बाबांसमोर ती सगळा प्रसंग पुन्हा उगाळत नाही. गोष्टीत वाटी नाही, चित्र नाही, निळं पाणी नाही. असतं तर सगळा वर्ग गोष्ट अर्धी झाल्यावर वळून त्याच्याकडे बघू लागला असता, आणि मग ती गोष्ट राहिली नसती, उलटतपासणी झाली असती.

गोष्ट संपली की ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारू नये. मुलं वर्गाला हवं ते उत्तर एका सुरात देतात आणि ज्याच्यासाठी गोष्ट होती तो त्या सुरात दडून जातो. मुलं बाहेर पळाली की बाईंनी त्याच्याजवळ, त्याच्या उंचीला बसून, हळू आवाजात म्हणावं, ‘सकाळी वाटी पडली ना, त्याबद्दल मला खरं सांगितलंस तर मला आवडेल.’ मुद्दाम असं म्हणायचं. तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ४ ते ८ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात शिक्षेची धास्ती घातलेली मुलं कमी खरं बोलली आणि ‘खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल’ हे लहान मुलांना जास्त भिडलं. मोठ्या मुलांना मात्र ‘तसं वागणं बरोबर आहे’ हे पटत होतं. मग थांबायचं. वीस-तीस सेकंदांची शांतता बाईंना फार मोठी वाटते, पण मुलाला शब्द जुळवायला ती लागते.

तो म्हणाला, ‘माझा कोपर लागला,’ की पहिली प्रतिक्रिया चेहऱ्यावर दिसते. त्या क्षणी ‘मला माहीतच होतं’ हे वाक्य तोंडातून निघालं तर सगळं हरलं, कारण मग त्याने सांगितलं काय आणि न सांगितलं काय, सारखंच. ‘सांगितलंस, बरं केलंस’ एवढं पुरे. चॉकलेट नको, वर्गात टाळ्या नकोत, स्टार नको. बक्षीस लागलं की चार दिवसांत मुलं न केलेल्या गोष्टीही कबूल करायला येतात.

त्यानंतर वहीचं काम. इथे शिक्षा आणि भरपाई यांतला फरक मुलाला हाताने कळला पाहिजे. मैदानाला चकरा मारायला लावल्या तर त्याचा निळ्या पाण्याशी काही संबंध नाही. त्याऐवजी, ‘तिची वही ओली झाली. आता तिला काय करून देता येईल?’ असं त्यालाच विचारावं. सहा वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, माझी वही देतो. ते फार होतं, आणि तसं सांगावंही. आपल्या वहीतला कोरा कागद द्यावा, तिने घर पुन्हा काढताना रंग आणि पाणी त्याने आणून द्यावं, सतरंजीवरचा डाग दोघांनी मिळून पुसावा. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच काम. ते संपलं की प्रकरण संपलं.

क्षमेचा भाग बाईंच्या हातात अर्धाच असतो. ज्या मुलीचं घर वाहून गेलं, तिच्याकडून ‘माफ केलं म्हण’ असं वदवून घेणं तिच्यावर अन्याय आहे. तिला राग असेल तर असू द्यावा. ‘तिला अजून वाईट वाटतंय, तू कागद दिलास ते तिने पाहिलंय,’ एवढं मुलाला सांगितलं की तो थांबायला शिकतो. बाईंच्या बाजूची क्षमा मात्र पूर्ण असावी. ती ओळखायची खूण अशी, की पुढच्या आठवड्यात कुणाचं खोडरबर हरवलं तर बाईंची नजर आधी याच्याकडे वळत नाही. ‘खोटारडा’ हा शब्द वर्गात एकदा उच्चारला की इतर मुलं तो महिनोन्‌महिने वापरतात. मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना शिक्षणहक्क कायद्याच्या, म्हणजे २००९च्या कायद्याच्या, कलम १७ने बंदी आहे. वर्गासमोर उभं करून ‘हा खोटं बोलला’ असं म्हणणं हा मानसिक त्रासच आहे.

कधी मूल गोष्टीनंतरही ‘वाऱ्यानेच’ म्हणतं. मग वाद घालू नये. ‘तुझ्या बाहीला निळा रंग लागलाय. वाटी तुझ्याकडून पडली असं मला दिसतंय. चल, तिचं पान नीट करू,’ असं शांतपणे म्हणून भरपाईकडे जावं. कबुली मिळालीच पाहिजे असा हट्ट धरला की मोठ्यांचा सूर चढतो आणि आपण छडीच्या शाळेच्या दिशेने जाऊ लागतो. आणि बाईंनी स्वतः काही पाहिलंच नसेल, तर ही सगळी पद्धत वापरूच नये. या वयाची मुलं वारंवार विचारल्यावर, समोरच्याला खूश करण्यासाठी, न केलेलंही केलं म्हणतात. तेव्हा कुणी केलं हे न शोधता वही सुकवणं आणि वाट्या थोड्या लांब ठेवणं, इतकंच हातात असतं.

प्रयोगाची मर्यादाही ध्यानात हवी. त्यात गोष्ट सांगितल्यावर लगेचच प्रश्न विचारला होता. महिन्याभराने काय झालं, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे सुमीची गोष्ट एकदा सांगितली आणि वर्ग कायमचा खरा झाला, असं होणार नाही. पुढच्या वेळी वेगळी गोष्ट, वेगळी बरणी, पण वागणं तेच ठेवावं लागेल.

एखादं मूल रोजच खोटं बोलत असेल, डबा खाल्ला नसताना खाल्ला म्हणत असेल, किंवा साधी वही मागितली तरी आधी हात वर करून अंग चोरत असेल, तर गोष्टी बाजूला ठेवून घरी काय चाललंय ते पाहायला हवं. ते मूल खोटं बोलत नसून स्वतःला वाचवत असू शकतं. आणि साध्या प्रसंगात पालकांना सांगायचं का? माझं मत, शाळा सुटताना फाटकाशी, इतर आयांसमोर, सांगू नये. सांगायचंच असेल तर मुलाला आधी कल्पना द्यावी आणि आईला असं सांगावं: ‘आज त्याच्याकडून पाणी सांडलं. त्याने ते स्वतः मला सांगितलं आणि तिचं पान नीट करून दिलं. शाळेत हे मिटलंय, घरी पुन्हा रागावू नका.’